दहा पेढे, तीन बांध

माझी भाची लातूरला अकरावी-बारावीच्या क्लासला आहे. उमरग्यातली बरीच मुलं दहावीनंतर तिकडेच जातात. सुट्टीला घरी आली की ती गणिताची वही घेऊन माझ्याकडे बसते, कारण मी इथे शिकवण्या घेते आणि आत्याला फी द्यावी लागत नाही. दिवाळीला आली तेव्हा तिनं एक नवं नाव आणलं होतं, 'बेगर्स मेथड'. भिकाऱ्याची पद्धत. एकसारखी नाणी काही भिकाऱ्यांत किती प्रकारे वाटता येतील ते काढायचं. देशभरातल्या जेईईच्या क्लासांत हेच नाव चालतं. इंग्रजी पुस्तकांत त्याच रीतीला 'स्टार्स अँड बार्स' म्हणतात, म्हणजे चांदण्या आणि उभ्या रेघा.

"आत्या, एकदम सोपंय. एन प्लस आर मायनस वन सी आर मायनस वन. टाकायचं आणि मोकळं."

मी म्हटलं, बरं. घरात दहा पेढे आहेत, सगळे एकसारखे. आपली चार पोरं आहेत. किती प्रकारे वाटशील?

तिनं बोटावरही मोजलं नाही. "दोनशे शहाऐंशी."

उत्तर बरोबर होतं. मी विचारलं, या दोनशे शहाऐंशीत सगळे दहा पेढे थोरल्याला आणि बाकी तिघं तोंडाकडे बघत, अशी वाटणी आहे का? ती थोडी थांबली. "असंल की. भिकाऱ्यांत शून्य चालतं." मग स्वतःच म्हणाली, "पण पोरांत नाही चालणार."

हा सगळा विषय माझ्या मते त्या एका प्रश्नावर उभा आहे. सूत्र दोन ओळींचं असतं. सूत्र लावायच्या आधी काय ठरवलं, यावर उत्तर २८६ येणार, ८४ येणार, ४४ येणार की आणखी काही, ते ठरतं. म्हणून आधी सूत्र कुठून येतं ते बघू.

मी हे शिकवताना फळ्यावर चांदण्या काढत नाही. सतरंजीवर दहा रेवड्या एका ओळीत मांडते आणि पोरांच्या हातात काडेपेटीच्या काड्या देते. इथल्या पोरांना काड्या म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. काड्या म्हणजे बांध. एक शेत चार भावांत वाटायचं तर बांध किती घालावे लागतात? शिकवणीतलं सहावीचं पोरगंही 'तीन' म्हणतं. शहरातली मुलं इथे हमखास 'चार' म्हणतात आणि मग त्यांची सगळी गणितं एका काडीनं चुकतात. पहिल्या बांधाच्या डावीकडचं पहिल्याचं, पहिल्या आणि दुसऱ्या बांधामधलं दुसऱ्याचं, दुसऱ्या आणि तिसऱ्यामधलं तिसऱ्याचं, आणि शेवटच्या बांधापलीकडचं चौथ्याचं. चार वाटे, तीन बांध.

मग ओळ अशी दिसते:

★★★|★★|★★★★|★

थोरल्याला तीन, दुसरीला दोन, तिसऱ्याला चार, धाकटीला एक. दुसरी एखादी ओळ:

★★★★★||★★★|★★

इथे पहिला आणि दुसरा बांध एकमेकांना चिकटलेत, मधे काहीच नाही, म्हणजे दुसरीला शून्य. आणि थोरल्याला सगळे दहा द्यायचे तर तिन्ही बांध उजव्या टोकाला जाऊन पडतात:

★★★★★★★★★★|||

यात खरी गंमत अशी की कोणतीही वाटणी घ्या, तिची एकच ओळ बनते. आणि कोणतीही ओळ घ्या, तिच्यातून एकच वाटणी वाचता येते. म्हणून वाटण्या मोजायच्याऐवजी ओळी मोजल्या तरी चालतं. ओळीत दहा रेवड्या आणि तीन काड्या, म्हणजे एकूण तेरा जागा. यांतल्या कोणत्या तीन जागांवर काड्या ठेवायच्या, एवढंच ठरवायचं. उरलेल्या दहा जागांवर रेवड्याच येणार.

पहिल्या काडीला १३ जागा मोकळ्या, दुसरीला १२, तिसरीला ११. गुणाकार १,७१६. पण तिन्ही काड्या एकसारख्या आहेत. कोणती आधी ठेवली नि कोणती नंतर, ओळीत दिसत नाही. तीन काड्या आपसांत ६ प्रकारे अदलाबदल करता येतात, म्हणून प्रत्येक ओळ सहा वेळा मोजली गेली. १,७१६ ला ६ नं भागलं की २८६. भाचीचं सूत्र एवढंच सांगतं.

काही वस्तूंतून ठरावीक वस्तू किती प्रकारे निवडता येतील, याचा सर्वसाधारण नियम आपल्या शेजारचाच आहे. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचं मळखेड, उमरग्याच्या आग्नेयेला कलबुर्गी जिल्ह्यात आहे. तिथल्या अमोघवर्ष राजाच्या काळात, नवव्या शतकाच्या मध्याला, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. त्यात हा नियम आहे. तेरातून तीन निवडताना वरच्या ओळीत १३, १२, ११ आणि खाली १, २, ३ मांडायची रीत आम्ही आजही तशीच शिकवतो.

आता शून्याकडे येऊ. पोरांत वाटायचं तर प्रत्येकाच्या हातावर निदान एक पेढा पडलाच पाहिजे. भाचीनं यासाठी दुसरं सूत्र पाठ केलं होतं. मी तिला म्हटलं, ते विसर. आपल्या घरी आजी कशी वाटायची? आधी सगळ्यांच्या हातावर एकेक ठेवायची, मग डब्यात काय उरलं ते बघायची. तसंच कर. चार पेढे गेले, सहा उरले. आता या सहांच्या वाटणीत शून्य आलं तरी चालेल, कारण प्रत्येकाकडे एक आहेच. सहा रेवड्या, तीन काड्या, नऊ जागा: ९ × ८ × ७ भागिले ६, म्हणजे ८४.

हेच दुसऱ्या बाजूनंही बघता येतं. दहा रेवड्या ओळीत ठेवल्या की त्यांच्यामध्ये नऊ फटी असतात. कुणालाच शून्य मिळू नये, तर एका फटीत दोन काड्या येऊ द्यायच्या नाहीत आणि टोकाला काडी ठेवायची नाही. म्हणजे नऊ फटींतून तीन निवडायच्या. पुन्हा ८४. दोन वेगळ्या वाटांनी तोच आकडा आला की पोरांचा विश्वास बसतो. एका वाटेनं आलेल्या आकड्यावर मी त्यांना विश्वास ठेवू देत नाही.

२८६ मधून ८४ गेले की उरतात २०२. एवढ्या वाटण्यांत निदान एक पोर रिकाम्या हातानं परत जातं. भाचीनं हा आकडा दोनदा तपासला. "म्हंजे निम्म्याहून जास्तीत कुणीतरी उपाशीच?" हो. सूत्राला त्याचं काही वाटत नाही. बांध एकमेकांना चिकटले, की मधला वाटा नाहीसा होतो, आणि ओळ तरीही नियमात बसते.

आमच्या आजोबांचं शेत वाटलं गेलं तेव्हा मी शाळेत होते. आजोबांना चार मुलगे आणि दोन मुली. सहा वारसांना पाच बांध लागतात, पडले तीनच. दोन्ही आत्यांनी तहसीलला येऊन हक्कसोडपत्रावर सह्या केल्या, साडी-चोळी घेतली आणि संध्याकाळच्या गाडीनं आपापल्या गावी गेल्या. महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीनं आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क आला, हे मला पुष्कळ नंतर कळलं. कायद्यानं बांध पाच असतील. त्यांतले दोन शेजारच्या बांधांना चिकटवून टाकायची सोय घराघरांत शिल्लक राहिली. तेव्हापासून वाटणीचं कोणतंही गणित समोर आलं की मी आधी विचारते, शून्य चालेल का? आणि कुणाला चालेल?

शेताचं उदाहरण बांधापुरतंच खरं आहे, हेही मी पोरांना सांगते. पेढा अख्खा असतो, आणि एक पेढा दुसऱ्यासारखाच असतो. जमिनीचं तसं नाही. विहिरीकडचा तुकडा वेगळा, मुरमाडाचा वेगळा, रस्त्याकडेचा त्याहून वेगळा. तिथे कोणाला किती यापेक्षा कोणाला कोणतं, यावरून डोकी फुटतात. आपली रीत फक्त 'किती' मोजते. म्हणूनच ती लावायची पहिली अट ही, की वस्तू खरोखर एकसारख्या हव्यात. डब्यात सहा पेढे आणि चार बर्फीचे तुकडे असतील तर दहाचं गणित मोडतं. मग पेढ्यांची ओळ वेगळी मांडायची, ८४ प्रकार. बर्फीची वेगळी, सात जागांतून तीन, ३५ प्रकार. आणि दोन्हींचा गुणाकार, २,९४०. वस्तूंत एवढासा फरक आला आणि आकडा दहापट झाला. (हे ८४ मघाचेच, कारण इथेही सहा पेढे आणि तीन काड्याच आहेत. फक्त इथे शून्य चालतं.)

दुसरी अट पोरांची. पेढे सारखे, पण पोरं सारखी नाहीत. प्रत्येकाला नाव आहे. थोरल्याला चार नि धाकटीला एक, हे थोरल्याला एक नि धाकटीला चार यापेक्षा वेगळं. दरवर्षी एखादा हुशार मुलगा विचारतो, की कोणाला किती हे सोडून नुसते चार ढीग केले तर किती प्रकार होतील? आणि लगेच उत्तरही देतो, की चार पोरं २४ प्रकारे अदलाबदल होतात, म्हणून २८६ ला २४ नं भागायचं. भागून बघितलं की अकरा पूर्णांक काहीतरी येतं. मोजणीचं उत्तर अपूर्णांकात आलं, की कुठेतरी विचार चुकला, ही मला माहीत असलेली सगळ्यात स्वस्त परीक्षा. चुकलं कुठे? चार, तीन, दोन, एक असे ढीग असतील तर ते चौघांत २४ प्रकारे जातात हे खरं. पण तीन, तीन, दोन, दोन असे असतील तर सहाच प्रकारे जातात, कारण तीनवाले दोघं आपसांत बदलले तरी काही बदलत नाही. सगळ्यांना एकाच आकड्यानं भागता येत नाही. ढिगांचं खरं उत्तर २३ आहे, आणि ते एकेक लिहूनच काढावं लागतं. त्याला काड्यांसारखी सोपी युक्ती नाही. पोरांना नावं आहेत म्हणूनच आपलं काम सोपं होतं.

भाचीला मी मग 'लीलावती'तलं उदाहरण दिलं. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, 'लीलावती' ११५० ची. चाळीसगावजवळ पाटणला त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला होता. तिथला शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्या ग्रंथाच्या शेवटी 'अंकपाश' नावाचं प्रकरण आहे, आणि त्यात प्रश्न असा: पाच अंकी संख्या, एकही अंक शून्य नाही, आणि अंकांची बेरीज तेरा. अशा संख्या किती?

पेढ्यांचा पत्ता नाही, पण बघा, हे आपलंच गणित आहे. तेरा पेढे, पाच पोरं. पहिल्या पोराला मिळाले तो पहिला अंक, दुसऱ्याला मिळाले तो दुसरा. ३२४३१ या संख्येत पोरांना तीन, दोन, चार, तीन, एक पेढे मिळाले. शून्य नको, म्हणजे प्रत्येकाला निदान एक. तेरा पेढ्यांमध्ये बारा फटी, पाच पोरांना चार बांध: १२ × ११ × १० × ९ भागिले २४. उत्तर ४९५. भास्कराचार्यांचा नियमही हाच आहे: बेरजेतून एक वजा करा, तिथून एकेक उतरत्या संख्या घ्या, स्थानांच्या संख्येपेक्षा एक कमी इतक्या, त्यांना एक, दोन, तीन अशा चढत्या संख्यांनी भागा आणि गुणाकार करा. नियमात फट नाही, काडी नाही, चित्र नाही, पण आकडे तेच.

मला मात्र त्यांच्या नियमाला जोडलेली अट जास्त आवडते. ते सांगतात, की बेरीज ही स्थानांची संख्या अधिक नऊ यापेक्षा कमी असेल, तरच हा नियम लावा. पाच स्थानं, अधिक नऊ, चौदा. तेरा चालतं, चौदा नाही. का? प्रत्येकाला एकेक देऊन टाकलं तर तेरातले आठ उरतात. ते सगळे एकाच पोराला दिले तरी त्याच्याकडे नऊच होतात, आणि नऊ हा अंक असतो. चौदा घेतले तर एखाद्याकडे दहा जाऊ शकतात, आणि दहा हा अंक नाही. पेढ्यांना जी मर्यादा नव्हती ती अंकांना आहे. आणि उदाहरणासाठी त्यांनी नेमका काठावरचा आकडा निवडलाय: तेरा, जिथे नियम शेवटचा लागू पडतो.

"मग चौदाचं येतच नाही का?" भाचीनं विचारलं. येतं, थोडी झाडलोट करावी लागते. चौदाला तेरा फटी, चार बांध, ७१५. त्यांतल्या वाईट वाटण्या कोणत्या? एकाला दहा आणि बाकीच्या चौघांना एकेक. तो एकजण पाचांपैकी कुणीही, म्हणून पाच. ७१५ वजा ५, ७१०.

घरातही वरची मर्यादा येतेच. गेल्या वर्षी पोरांच्या दातांवरून आमच्याकडे ठरलं, की एका वेळी कुणालाही चाराहून जास्त पेढे नाहीत. आता प्रत्येकाला निदान एक आणि जास्तीत जास्त चार. भाचीला म्हटलं, काढ.

एकेक देऊन टाकला, उरले सहा. एकूण ८४ प्रकार. यांतून नियम मोडणारे काढायचे. थोरल्याला पाच किंवा जास्त गेले असतील तर त्याला एकाशिवाय निदान आणखी चार मिळालेत. तर ते चार आधीच थोरल्याच्या हातावर ठेवा. राहिले दोन, ते चौघांत कसेही वाटा: दोन रेवड्या, तीन काड्या, पाच जागा, १० प्रकार. थोरल्यासाठी दहा, तसेच प्रत्येकासाठी दहा, म्हणून चाळीस. ८४ वजा ४०, ४४.

इथे ती थांबली आणि म्हणाली, दोन पोरांनी एकदम नियम मोडला असेल तर ती वाटणी दोनदा वजा होईल की. हा प्रश्न तिला सुचला याचा मला पेढ्याहून जास्त आनंद झाला. दोघांना प्रत्येकी आणखी चार द्यायचे तर आठ लागतात, आणि आपल्याकडे उरलेत सहाच. म्हणून तसं घडत नाही आणि ४४ बरोबर आहे. पेढे जास्त असते तर मात्र दोनदा वजा झालेलं पुन्हा मिळवावं लागलं असतं. क्लासमधली मुलं इथेच घसरतात. वजाबाकी करतात, पण काय दोनदा गेलं ते बघत नाहीत. शंका आली तर आकडे लहान करायचे. तीन पेढे, दोन पोरं घ्यायची आणि सगळ्या वाटण्या वहीत लिहायच्या: तीन-शून्य, दोन-एक, एक-दोन, शून्य-तीन. चार. आपली रीत चार देत नसेल तर ती दहाला बरोबर कशी देईल?

आणखी एक घसरण आहे, आणि ती हुशार मुलांची. २८६ पैकी २०२ वाटण्यांत कुणीतरी उपाशी राहतं, म्हणजे शेकडा एकाहत्तर. मग मुलं म्हणतात, की डोळे मिटून पेढे वाटले तर शंभरात एकाहत्तर वेळा कुणीतरी रडणार. असं होत नाही.

करून बघा. चार नावांच्या चिठ्ठ्या डब्यात टाका. एक पेढा उचला, चिठ्ठी काढा, ज्याचं नाव आलं त्याला द्या, चिठ्ठी परत डब्यात. असं दहा वेळा. प्रत्येक पेढ्याला चार शक्यता, म्हणून चिठ्ठ्यांचे एकूण क्रम चाराचा दहावा घात, १०,४८,५७६. यांतल्या ८,१८,५२० क्रमांत प्रत्येकाचं नाव निदान एकदा निघतं. म्हणजे कुणी रिकामं राहण्याची शक्यता शेकडा बावीसच्या आसपास येते. एकाहत्तर कुठे, बावीस कुठे!

फरक येतो कारण २८६ वाटण्यांचं वजन सारखं नाही. सगळे दहा थोरल्याला जायचे तर दहाही वेळा त्याचंच नाव निघायला हवं. असा क्रम एकच. थोरल्याला तीन, दुसरीला तीन, बाकी दोघांना दोन-दोन, हे मात्र २५,२०० वेगवेगळ्या क्रमांनी घडतं. काड्यांच्या ओळीत दोन्ही वाटण्या एकेकच मोजल्या गेल्या. ओळ सांगते, काय काय घडू शकतं. कितीदा घडेल ते सांगत नाही. दोन पेढे आणि दोन पोरं घेतली की हे डोळ्यांना दिसतं. वाटण्या तीन: दोन-शून्य, एक-एक, शून्य-दोन. नाणं उडवून वाटलं तर एक-एक निम्म्या वेळा येतं, तिसऱ्या हिश्श्याइतकं नाही.

तरी निसर्गात एक जागा अशी आहे जिथे तीनही वाटण्या सारख्या वजनाच्या असतात. १९१४ साली एरनफेस्ट आणि कामरलिंग ओनेस यांनी प्लांकच्या प्रारणाच्या सिद्धान्तातली मोजणी सोपी करून दाखवण्यासाठी खुणांची अशीच ओळ मांडली होती, ऊर्जेचे तुकडे आणि त्यांच्यामध्ये आडोसे. दहा वर्षांनी, १९२४ मध्ये, ढाक्याच्या सत्येंद्रनाथ बोसांनी आइनस्टाइनला जो लेख पाठवला, त्यातून निघालं ते हे, की प्रकाशाचे कण चिठ्ठ्या टाकून वाटल्यासारखे वागत नाहीत. हा कण आणि तो कण असा भेदच तिथे उरत नाही, आणि प्रत्येक वाटणी एकेकदाच मोजावी लागते. आपले पेढे दिसायला कितीही सारखे असले तरी हा पहिला, हा दुसरा असं म्हणत उचलता येतात. प्रकाशाला तेही नाही. चांदण्या नि रेघांचं चित्र विल्यम फेलर यांच्या १९५० च्या संभाव्यतेवरच्या पुस्तकातून घरोघर गेलं, आणि क्लासवाल्यांनी त्यात भिकारी आणून बसवले.

भाचीनं शेवटी विचारलं, मग सगळ्यांत चांगली वाटणी कोणती? पेढे बारा असते तर ४५५ प्रकारांत प्रत्येकाला तीन अशी एकच वाटणी निघाली असती. दहांत एकही नाही. जवळात जवळची म्हणजे दोघांना तीन आणि दोघांना दोन. तीनवाले दोघं कोण, हे चारांतून दोन निवडून ठरतं, म्हणजे सहा प्रकार. २८६ मधून शून्यवाले काढले, चाराहून जास्तवाले काढले, आणि बऱ्यापैकी न्यायाचे म्हणावेत असे हे सहा उरले. त्यांतला कोणता घ्यायचा ते गणित सांगत नाही.

तिनं मात्र वहीत सहाही लिहून काढले, एकाखाली एक, आणि उभ्या रकान्यांची बेरीज केली. प्रत्येक पोराला तीन वेळा तीन पेढे आणि तीन वेळा दोन. प्रत्येकाची बेरीज पंधरा. सहा सणांना सहा प्रकार ओळीनं वापरले तर साठ पेढे बरोबर सारखे वाटले जातात, आणि एका दिवशी कमी मिळालेल्याला पुढच्या सणाची वाट बघता येते. ती यादी आता फ्रिजच्या दारावर लावलीय. दसरा, दिवाळी आणि संक्रांत झाली, तीन राहिलेत.

"शेताचं असं करता येत नाही ना, आत्या?" यादी चिकटवताना तिनं विचारलं होतं.

नाही. शेत एकदाच वाटतात.